मदत हवी आहे: दहावीच्या बीजगणिताचा मिसळून सराव

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला मी दहावीच्या मुलांची घरगुती शिकवणी घेते. वर्गसमीकरणांचा सरावसंच मुलं भराभर सोडवतात, कारण वर प्रकरणाचं नावच लिहिलेलं असतं. पण परीक्षेत पद्धत स्वतः ओळखावी लागते, आणि तिथेच अडतात.

म्हणून आता एका बैठकीत आठ उदाहरणं देते, प्रकरणं मिसळून. लागोपाठची दोन एकाच प्रकारची नसतात. परवाची जोडी बघा. आयताची लांबी रुंदीपेक्षा 5 सेमीने जास्त. एकात परिमिती 50 सेमी दिली, दुसऱ्यात क्षेत्रफळ 150 चौसेमी. दोन्हींचं उत्तर 15 आणि 10च. पहिल्यात x + y = 25 आणि x − y = 5 अशी रेषीय समीकरणं, दुसऱ्यात x(x + 5) = 150. बऱ्याच जणांनी दुसऱ्यातही बेरीजच मांडली! आकडेमोड चोख, निवड चुकलेली. हे प्रकरणवार सरावात कधीच दिसलं नसतं.

अशा सरावात सुरुवातीला मार्क कमी पडतात हे मला माहीत आहे, पालकांना मात्र ती घसरण वाटते. नवं प्रकरण शिकवल्यावर त्याची किती उदाहरणं सलग करून घेऊन मग मिसळता? श्रेढी आणि संभाव्यता तर दिसताच ओळखू येतात, मग ती मिसळून उपयोग होतो का, की सारखी दिसणारीच उदाहरणं निवडावीत? ज्यांनी वर्षभर हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.