सपोर्ट-रेझिस्टन्स: रेषा की पट्टा?

धागाकर्ता: निफ्टीवर 18,887 ला रेषा मारली होती, 1 डिसेंबर 2022 चा उच्चांक. 26 ऑक्टोबर 2023 ला बाजार 18,857 ला, म्हणजे रेषेखाली बंद झाला. सपोर्ट तुटला म्हणावं, तर दुसऱ्याच दिवशी 19,047. रेषाच चुकीची होती का? आणि जुना रेझिस्टन्स सपोर्ट होतोच कसा?

कँडलवाला: एकाच उच्चांकावर विसंबलात. त्याआधी 19 ऑक्टोबर 2021 ला बाजार 18,604 वरून फिरला होता. विकणारे एका आकड्यावर दबा धरून बसत नाहीत. ते या दोन उच्चांकांच्या दरम्यान पसरलेले असतात. म्हणून पट्टा 18,600 ते 18,890. त्या दिवशीचा नीचांक 18,838, म्हणजे भाव वरच्या काठाच्या जरासा आत येऊन परतला. मी 18,600 खाली बंद झाला असता तरच तुटला म्हटलं असतं.

आता दुसरा प्रश्न. जून 2023 अखेर भाव पट्ट्याच्या वर निघाला, तेव्हा तिथे मंदी केलेले अडकले. भाव परत आला की ते बरोबरीत सुटायला खरेदी करतात. तिथे विकून मोकळे झालेल्यांनाही चूक सुधारायची असते. काल जिथे विक्री होती, तिथेच आज खरेदी उभी राहते.

जमाखर्च: पट्टा रुंद केला की चूक दिसतच नाही! 18,890 ला घेऊन 18,600 चा स्टॉप म्हणजे 290 अंक. तेव्हाचा लॉट 50 चा, म्हणजे एका लॉटवर 14,500 रुपये. शिवाय डिसेंबर 2022 ला मंदी केलेल्यांना मार्च 2023 मध्ये 16,828 पर्यंतची पडझड मिळाली. ते फायदा घेऊन कधीच निघून गेले. अडकलं कोण?

नवखा_गुंतवणूकदार: माझ्या एका शेअरची 600 ची रेषा बरेच दिवस टिकली होती. 1:1 बोनसनंतर भाव 310. सपोर्ट तुटला समजून विकू का?

कँडलवाला: नवखा, थांबा. बोनसमुळे भाव निम्मा झाला आणि शेअर दुप्पट झाले. चार्ट ॲडजस्टेड करा, तुमची रेषा 300 ला दिसेल. भाव अजून तिच्या वर आहे.

जमाखर्च, मार्चचा मुद्दा मान्य. अडकले ते जूनमध्ये जुना उच्चांक टिकेल म्हणून नव्याने विकणारे. किती, ते चार्टवरून कळत नाही. पण पट्ट्याचे दोन्ही काठ डिसेंबर 2022 मध्येच ठरले होते, ऑक्टोबर बघून मी ते ताणले नाहीत. आणि 14,500 झेपत नसतील तर फ्युचर सोडून निफ्टीचा ईटीएफ थोडा घ्या. स्टॉप पट्ट्याच्या आत ओढलात तर 26 तारखेसारख्या दिवशी बाहेर फेकले जाल.

जमाखर्च: काठ आधीच ठरले असतील तर पट्टा मान्य. भूमिकाबदलावर मात्र भरवसा नाही. जानेवारी 2020 चा 12,430 चा उच्चांक नोव्हेंबर 2020 मध्ये ओलांडला गेला आणि बाजार सरळ वर निघाला, तिथे परत आलाच नाही. जुना रेझिस्टन्स सपोर्ट होईल म्हणून थांबलेल्यांनी काय करायचं होतं?