रेझ्युमे पुढे पाठवण्याआधी कन्सल्टंटनं तुम्हाला विचारलं होतं का?

कोकणात किंवा कोकणातून बाहेर कन्सल्टंटमार्फत नोकरी शोधलेल्यांसाठी हा धागा. रेझ्युमे कंपनीकडे देण्याआधी तुमची परवानगी घेतली का? कशी घेतली? घेतली नाही तेव्हा पुढे काय झालं? कंपन्यांची आणि कन्सल्टंटची नावं लिहू नका. महाड ते कुडाळ पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. पगार किती मागावा, यावर इथे नको, तो धागा वेगळा आहे.

परशुरामघाट

मी लोटे एमआयडीसीत क्यूसीला आहे, एचपीएलसीवर. मागच्या वर्षी महाडला जायचं मनात होतं. सोमवारी एका कन्सल्टंटचा फोन आला. "चांगली कंपनी आहे, रायगडात, रेझ्युमे टाका." कुठली कंपनी विचारलं तर "शॉर्टलिस्ट झालात की सांगतो." मी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल टाकली. पुढे काहीच नाही.

गुरुवारी रत्नागिरीहून एका बाईंचा फोन. त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं, पद सांगितलं, जनरल शिफ्ट नाही हे सांगितलं, कंपनीची बस खेडपर्यंत येते तेही सांगितलं. वर्षाला ४ लाख ८० हजारांपर्यंत, कंपनीच्या रोलवर, कंत्राटावर नाही. मग म्हणाल्या, हे सगळं मेलवर पाठवते, त्याच मेलला 'संमती आहे' असं उत्तर द्या, त्याशिवाय मी पाठवणार नाही. मी उत्तर दिलं.

शुक्रवारी त्यांचाच फोन: तुमचं नाव पोर्टलवर आधीच दिसतंय. सोमवारच्या माणसानं त्याच कंपनीला, त्याच पदासाठी, त्याच संध्याकाळी पाठवून दिलं होतं. नुसतं पाठवलं नव्हतं, नोटीस ३० दिवस लिहिली होती (माझी ६० आहे) आणि अपेक्षित पगार ४ लाख २० हजार. हा आकडा मी कधी उच्चारलाच नव्हता! एचआरनं दोघांकडे माझी लेखी संमती मागितली. एकाकडे माझा मेल, दुसऱ्याकडे नुसती फाइल. त्यांची पत्रापत्री चालू असताना इंटरव्ह्यूचा दिवस निघून गेला आणि जागा दुसऱ्यानं भरली.

भरतीवाली_रत्नागिरी

मी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर. (वरच्या किश्शातली ती बाई मी नव्हे.)

माणूस लागला की कंपनी आम्हाला त्याच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के देते, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. सगळीकडे हाच दर नसतो, पण हा बराच चालतो. ४ लाख ८० हजारांवर सुमारे ४० हजार. हे पैसे ज्याच्या नावावर उमेदवार नोंदला गेला त्याला मिळतात, आणि ती नोंद बहुतेक करारांत सहा महिने ते वर्षभर टिकते. त्यामुळे काहीजण आधी पाठवतात आणि उमेदवाराला मग विचारतात. पोर्टल मोबाइल नंबर किंवा ईमेलवरून ओळखतं की हा माणूस आधीच आलाय. दुसऱ्यांदा टाकायला गेलं की तिथेच अडतं.

मग कुणाची नोंद धरायची? काही कंपन्या वेळ बघतात, पहिला तो पहिला. काही लेखी संमती मागतात. काही सरळ उमेदवारच बाजूला ठेवतात, नसती कटकट नको म्हणून. करारात काय लिहिलंय त्यावर आहे.

मी मेलमध्ये कंपनी, गाव, पद, पगाराची मर्यादा, रोल कुणाचा हे लिहिते, आणि दोन गोष्टी विचारते: या कंपनीत मागच्या सहा महिन्यांत स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत अर्ज केलाय का? सध्याच्या कंपनीशी तिचा काही संबंध आहे का? दुसरा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. तो फालतू नाही.

सावंतवाडीची_लेक

तो दुसरा प्रश्न मला कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. मी कुडाळला अकाउंट्समध्ये होते. कन्सल्टंटनं माझा रेझ्युमे गोव्यातल्या ज्या कंपनीला पाठवला, तिचे आणि आमचे मालक एकच. नावं वेगळी, ऑफिसं वेगळी, पण एचआर एक. दोन दिवसांत आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा रेझ्युमे, प्रिंट काढलेला, माझ्या फोटोसकट. काढलं नाही मला, पण त्या वर्षीची पगारवाढ इतरांच्या निम्मी आली. सिद्ध काय करणार?

हापूस_आणि_हिशोब

एवढा ऊहापोह कशाला? naukri.com वर रेझ्युमे टाकलात तिथेच परवानगी दिलीत. तिथून कुणीही उतरवून कुठेही पाठवू शकतो, कायद्यानं.

भरतीवाली_रत्नागिरी

अर्धं खरं. मी तिथून तुमचा रेझ्युमे बघून फोन करू शकते, त्यासाठीच तर तुम्ही तो ठेवलाय. पण अमुक कंपनीत तुमचा प्रतिनिधी मी, हा करार त्यातून होत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदाही संमती ठरावीक कारणापुरती धरतो आणि ती मागे घेता येते असं म्हणतो. अर्थात मागे घेतलीत तरी एचआरनं प्रिंट काढलेली असेल तर काढलेली असेल.

तारवावरचो

माका तर इचारूक नाय हो कोणी! मुंबईच्या एजंटान माझा सीडीसी आणि पासपोर्ट महिनाभर ठेवून घेतल्यान, वर पैसे मागितल्यान. तेचा काय करूचा?

परशुरामघाट

काका, तुमचं प्रकरण रेझ्युमेच्या पलीकडचं आहे. जहाजावरच्या भरतीला डीजी शिपिंगचा परवाना लागतो आणि नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. आधी कागद परत मागा, मग तिकडेच तक्रार करा.

गुहागर_ते_गोरेगाव

मला कन्सल्टंट कंपनीचं नाव आधी सांगतच नाहीत. म्हणतात, तू थेट अर्ज करशील. ही भीती खोटीही नाही, माझ्या मित्रानं तसं केलंय. मग नाव न कळता संमती द्यायची ती कशाला?

भरतीवाली_रत्नागिरी

नाव सांगायचं नसेल तर रेझ्युमेही बिननावाचा पाठवावा. उमेदवाराचं नाव, नंबर, सध्याची कंपनी काढून टाकायची आणि कंपनीला रस असेल तर नाव सांगून संमती घ्यायची. मी तसं करते. पण लोट्यात तेही पुरत नाही. 'सहा वर्षं एचपीएलसी, अमुक प्रॉडक्ट' एवढं वाचून समोरचा क्यूसी मॅनेजर हसून म्हणतो, हा तर आमच्या शेजारच्या प्लांटमधला.

हापूस_आणि_हिशोब

म्हणजे नाव सांगितलं तर कन्सल्टंट बुडणार, नाही सांगितलं तर आपण. बरं, फोनवर 'हो' म्हटलं तर ते धरतात का?

परशुरामघाट

माझ्या वेळी एचआरनं फोनचं ऐकूनच घेतलं नाही, कागद दाखवा म्हणाले. आता मी फाइल देतानाच खाली लिहितो: 'कंपनीचं नाव कळवून माझा होकार येईपर्यंत पुढे पाठवू नये.' दोघांनी त्यानंतर फोनच केला नाही. एकानं केला, नाव सांगितलं, आणि ती आमचीच कंपनी निघाली.