प्रतिसाद: लाइफटाइम प्लॅनचा पैसा

> "एकरकमी पैसे खात्यात आले की तो नफाच ना?"

नाही, ती नुसती रोकड. समजा ग्राहकाने कायमच्या सेवेसाठी एकदाच 300 भरले आणि तो सरासरी 5 वर्षं सेवा वापरेल असा कंपनीचा अंदाज आहे. मग आयएफआरएस 15 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे दरमहा 5 एवढंच उत्पन्न धरायचं, उरलेली रक्कम ताळेबंदात देणं म्हणून राहते.

खरी गोची पुढे आहे. सर्व्हर आणि सपोर्टवर या ग्राहकामागे महिन्याला 2 खर्च होतात, आणि 300 पैकी 240 जाहिरातीत उडालेत. उरलेले 60 अडीच वर्षांतच संपतात, सेवा मात्र चालूच ठेवायची! मग जुन्यांचा खर्च भागवायला नवे लाइफटाइम ग्राहक शोधावे लागतात. 'शेवटची संधी' म्हणत लाइफटाइम प्लॅनची ऑफर दर दोन-तीन महिन्यांनी येऊ लागली, की समजा गंगाजळी आटलीय.