मदत हवी आहे: ओटीपी येईपर्यंत त्याची मुदतच संपते

टॉवेलवाली
आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. सूतवाल्या पेढीला नेटबँकिंगने पैसे पाठवताना ओटीपी वेळेत येतच नाही. स्क्रीनवर तीन मिनिटांचं घड्याळ चालतं, ते संपल्यावर मेसेज येतो. पप्पा रीसेंड दाबतात, मग दोन ओटीपी एकदम येऊन पडतात. त्यातला एक टाकला की 'चुकीचा ओटीपी'. काल असंच होत होत युजर आयडी लॉक झाला. बँकेत विचारलं तर 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' एवढंच उत्तर. घरी, जुळे सोलापुरात, हाच फोन नीट चालतो. अशा वेळी नेमकं काय करायचं? आणि परत परत केल्याने पैसे दोनदा जाणार नाहीत ना?

विजापूर_वेस
ताई, फोन बंद करून चालू करा, मेसेज धडाधड येतात. आणि घाबरू नका, मुदत मेसेज आल्यापासूनच मोजतात.

निरोप्या
पहिलं बरोबर, दुसरं नाही. मी बरीच वर्षं बँकांचे मेसेज पाठवणाऱ्या कंपनीत काम केलंय. बँकेच्या सर्व्हरवर कोड तयार झाला की त्याच क्षणी घड्याळ सुरू होतं. मेसेज वाटेत अडकला तरी ते थांबत नाही.

अडकतो तो बहुतेक वेळा असा: फोनला रेंज नसेल तर मोबाइल कंपनीचं मेसेज सेंटर तो मेसेज ठेवून घेतं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघतं. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर मधला वेळ वाढत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत-जात असेल तर हेच होत असणार. एअरप्लेन मोड चालू करून बंद केला की फोन नेटवर्कवर नव्याने नोंदला जातो आणि अडकलेले मेसेज सुटतात. पण हे ओटीपी मागवायच्या आधी, शेडबाहेर येऊन करा. मागवल्यावर केलंत तर घड्याळातला वेळ त्यातच जातो.

ताई, एक तपासा. मेसेजवर बोट दाबून धरा आणि तपशील उघडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळी दिसते. त्या दोन्ही इथे टाका.

होटगी_रोड
माझ्याकडेही ओटीपी येत नव्हता हो! सिम हरवलं म्हणून नवीन घेतलं होतं, अख्खा दिवस एकही मेसेज नाही.

निरोप्या
काका, तुमचं वेगळं. सिम बदललं की पहिले २४ तास मेसेज मुद्दाम बंद ठेवतात. दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने सिम काढलं तर लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून.

टॉवेलवाली
पाहिलं. कालचा पहिला: पाठवला ५:४१, मिळाला ५:४६. रीसेंडचा: पाठवला ५:४५, मिळाला ५:४६. पण फोनमध्ये रीसेंडचा वर आणि पहिला खाली, म्हणजे पहिलाच शेवटी आला! पप्पा सगळ्यात खालचाच टाकत होते.

निरोप्या
मग उलगडा झाला. दोन्ही वेळेत निघाले, म्हणजे बँकेकडून उशीर नव्हता, अडले शेवटच्या टप्प्यात. आणि मेसेज निघाले त्याच क्रमाने पोचतील याची हमी नसते. बहुतेक बँकांत रीसेंड दाबलं की आधीचा कोड रद्द होतो, त्यामुळे खालचा कोड मेलेला होता. तो टाकला की चुकीचा प्रयत्न म्हणून मोजला जातो आणि ठरावीक प्रयत्नांनंतर लॉक होतं.

म्हणून घड्याळ संपेपर्यंत रीसेंडला हात लावू नका. दाबलंच तर एकदाच, आणि पाठवल्याची वेळ ज्याची नंतरची आहे तोच कोड टाका. मेसेजात रक्कम किंवा संदर्भ क्रमांक असेल तर तो स्क्रीनशी जुळवा. खात्री नसेल तर कुठलाच टाकू नका. दोन्ही संपू द्या, लॉग-आउट करा आणि स्टेटमेंट बघून पहिल्यापासून सुरू करा. ओटीपी मान्य झालाच नाही तर पैसे जात नाहीत. दोनदा जायचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे: कोड मान्य झाला आणि पुढचं पान उघडलंच नाही. तेव्हा स्टेटमेंट न बघता पुन्हा पाठवायचं नाही.

आणि लॉक झाल्यावर 'बँकेतून बोलतोय, सोडवून देतो, आलेला कोड सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

विजापूर_वेस
मुदतीचं मला माहीत नव्हतं. पण सरळ दुसऱ्या कंपनीत नंबर पोर्ट करून टाकला तर?

निरोप्या
शेडमध्ये त्या कंपनीची रेंज आहे का, ते आधी दुसऱ्याच्या फोनवर बघा. त्यापेक्षा बँकेच्या अ‍ॅपमध्येच मंजुरी देता येते का किंवा ओटीपी ईमेलवरही येतो का, ते शाखेत विचारा. मग मेसेजची वाटच बघायला नको.

टॉवेलवाली
आज फाटकाबाहेर उभं राहून केलं, मेसेज लगेच आला, पेढीचे पैसे गेले. पण गेल्या महिन्यातला एक जुना मेसेज सापडलाय: आम्ही मागवला ११:१०ला, आणि पाठवल्याचीच वेळ ११:१६ दिसतेय. हा कुठे अडकला असेल?

निरोप्या
तो तुमच्या रेंजमुळे नाही. पाठवल्याची वेळ मोबाइल कंपनीचं सेंटर टाकतं, म्हणजे तिथपर्यंतच तो उशिरा पोचलाय. बँक की मधली मेसेज कंपनी, ते इथून सांगता येणार नाही. दोन्ही वेळांचा स्क्रीनशॉट काढा, कोड झाका आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. 'नेटवर्क' म्हणून परत पाठवलं तर हीच वेळ दाखवा.