मदत हवी आहे: लॉगची दोन उत्तरं बरोबर, तरी फुली का?

वैतागलेला_मामा: भाच्याने तपासून आलेल्या वर्कशीटचा फोटो पाठवलाय. पहिली दोन उत्तरं उत्तरसूचीशी जुळतात, तरी बाईंनी फुल्या मारल्यात. तिसरं चुकलंय, पण रीत पहिल्याचीच. उद्या परीक्षा आहे, लवकर सांगा.

त्रिज्या: अहो, गणितं कुठायत? आणि बेस?

वैतागलेला_मामा: सगळीकडे २. फोटो चढत नाहीये, उतरवून देतो.

```
1) log₂16 / log₂4 = log₂(16/4) = log₂4 = 2
2) (log₂4)² = 2·log₂4 = 4
3) log₂64 / log₂4 = log₂(64/4) = log₂16 = 4
```

कागदी_होडी: फोटो सावलीत काढू नका, कागद सपाट ठेवून वरून काढा. माझ्या मुलीचे फोटो नेहमी तिरके यायचे.

खडूधूळ: बाईंचं बरोबर आहे. भागाकार लॉगच्या पोटात असेल तर बाहेर वजाबाकी होते. इथे एका लॉगला दुसऱ्या लॉगने भागलंय, तिथे तो नियम लागतच नाही. पहिल्यात ४ भागिले २ दोन आणि ४ वजा २ पण दोन, म्हणून झाकलं गेलं. तिसऱ्यात ६ भागिले २ तीन, ६ वजा २ चार. तिथे पितळ उघडं पडलं.

त्रिज्या: शंका आली की सरळ कॅल्क्युलेटरवर बघायचं. फक्त त्यावरचा log बेस १० चा असतो, त्यामुळे १ आणि ३ ची उत्तरं चुकीची येतील.

खडूधूळ: नाही येणार. वरखाली एकच बेस असेल तर कुठल्याही बेसने भागाकार तोच, log64 / log4 तीनच येतं. दुसऱ्यात मात्र फसाल. log4 चा वर्ग ०.३६ च्या आसपास येईल.

जुनी_वही: आमच्या वेळी लॉगची कोष्टकं होती, वजाबाकी करून अँटिलॉग बघायचा. तेव्हा असे घोळ नव्हते.

खडूधूळ: घोळ तेव्हाही होतेच, असो. मामा, दुसऱ्यातला कंस फोटोत नीट दिसतोय का? मुळात log₂4² असेल तर घात आतल्या ४ चा, २ पुढे आणणं बरोबर आणि उत्तर ४. कंस असेल तर वर्ग अख्ख्या लॉगचा, २ चा वर्ग, तरी उत्तर ४. उत्तरावरून कळायला मार्गच नाही. ४ च्या जागी ८ घालून बघा: कंस असेल तर ९, नसेल तर ६.

वैतागलेला_मामा: तिथे नेमकी घडी पडलीय. कंस मी अंदाजाने टाकला.

त्रिज्या: मग बाईंचीच चूक असेल!

खडूधूळ: कागद न बघता कसं म्हणता? छापील प्रश्न बघा, भाच्याच्या ओळी नकोत. २ हा अंक ४ ला चिकटलाय की कंसाच्या बाहेर आहे, एवढंच.

वैतागलेला_मामा: तो झोपला आता. सकाळी कागद मागतो.