मदत हवी आहे: माझ्या पार्लरमधून निघणाऱ्या मुलीला अनुभवाचं पत्र कसं द्यावं?

माझ्याकडे शिकून तयार झालेली स्टायलिस्ट आता स्वतःचा स्टुडिओ काढतेय. मुद्रा कर्जाच्या ‘किशोर’ गटात (50 हजार ते 5 लाख) अर्ज करणार आहे, त्यासोबत जोडायला माझं पत्र हवंय. रुजू आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, ग्लोबल कलर, हायलाइट्स, केराटिन ती एकटी करते, कलरआधी 48 तास पॅच टेस्ट चुकवत नाही, एवढं लिहिलंय. ‘मेहनती, प्रामाणिक’ मुद्दाम टाळलं. ते सगळेच लिहितात.

अडलंय ते इथे: ती महिन्याला साधारण किती काम आणायची, हा आकडा घालावा का? बँकेला उपयोगी पडेल, पण माझा गल्लाही उघडा पडेल. आणि गिऱ्हाइकं न नेण्याची अट याच पत्रात नको ना? कुणी असं पत्र दिलंय का?