मदत हवी आहे: बेसन भाजतानाचा अर्धा तास व्हिडिओत कसा बसवू?

सईची_आई
नमस्कार मंडळी. आईच्या हातचे बेसनाचे लाडू मी मोबाईलवर शूट केलेत, अर्धा किलो जाडसर बेसन आणि पाव किलो तूप, आई बसूनच मंद आचेवर भाजते. नुसतं भाजणंच जवळपास ३२ मिनिटांचं आहे आणि मला सगळा लाडूचा व्हिडिओ सहा-सात मिनिटांत संपवायचाय. कॉम्प्युटरवर Shotcut टाकलंय, क्लिप निवडून Properties मध्ये Speed २० केलं तर भाजणं दीड मिनिटात येतं, पण बघवत नाही, उलथणं एकदा इथे एकदा तिथे उड्या मारतंय आणि डोळे दुखतात.

दुसरं म्हणजे मधल्या तीन गोष्टी तर नॉर्मल स्पीडलाच दिसायला हव्यात. एक, सुरुवातीला कोरडं गोळा गोळा दिसणारं बेसन अचानक सैल होतं ते. दोन, रंग बदलतो तो. आणि तीन, शेवटी आई दुधाचा हबका मारते तेव्हा ते फसफसून वर येतं ते. या तीनच खुणा आहेत, बाकी सगळं हलवणंच हलवणं. ज्यांचे लाडू टाळूला चिकटतात त्यांना ही पहिली खूणच दाखवायचीय मला, कारण बेसन सैल झाल्यावरही बरंच भाजायचं असतं आणि लोक तिथेच गॅस बंद करतात. कोणी केलंय का असं?

पुणेरी_पाहुणा
यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पीड असतो की, २ पट करता येतो. एवढं एडिट कशाला करायचं, ज्याला घाई आहे तो पळवेल.

सईची_आई
दादा तो बघणाऱ्याचा स्पीड झाला, मला बनवतानाच कमी करायचाय. आणि २ पट केलं तरी १६ मिनिटं नुसतं उलथणंच बघायचं ना.

नाचणी_भाकरी
ताई सोपा उपाय सांगते, मोबाईलच्या कॅमेऱ्यात टाइमलॅप्स असतो, पुढच्या वेळी भाजणं त्यातच शूट करा, आपोआप छोटं होतं, एडिटिंगचं कामच नाही. मी इडलीचं पीठ फुगतानाचं तसंच काढलंय, मस्त आलंय.

चौकट_पंचवीस
इडलीच्या पिठाला टाइमलॅप्स एकदम बरोबर कारण ते हळूहळू एकाच दिशेने वर येतं. इथे दोन अडचणी आहेत. टाइमलॅप्समध्ये कॅमेरा मधल्या फ्रेम ठेवतच नाही, म्हणजे बेसन सैल झालं तो क्षण नंतर नॉर्मल स्पीडला आणायचा म्हटलं तर तो मटेरियलच हातात नसतो, आणि आवाजही नसतो, हबका मारल्यावरचा चर्र आवाज गेला. म्हणून पूर्ण नॉर्मलला शूट केलंय तेच चांगलं, ते पुसू नका.

आता उड्यांचं. मोबाईल साधारण सेकंदाला ३० फ्रेम काढतो. तुमच्या आई अंदाजे सेकंदाला एक फेरी उलथणं फिरवत असतील, म्हणजे एका फेरीला ३० फ्रेम. २० पट केलं की त्या फेरीला दीडच फ्रेम उरते, म्हणजे उलथणं कुठून कुठे गेलं ते डोळ्याला कळायला काही शिल्लकच नाही, म्हणून ते उडताना दिसतं. ८ पट केलं तर फेरीला पावणेचार फ्रेम मिळतात, ते चालून जातं. तेव्हा किती पट करायचं हे व्हिडिओ किती लांब आहे त्यावर ठरवू नका, हात किती वेगाने फिरतोय त्यावर ठरवा. हाताच्या कामाला मी ८ च्या वर जात नाही.

सईची_आई
पण ८ पटीने ३२ मिनिटांची चार मिनिटं होतात! सहा मिनिटांतली चार नुसतं भाजण्यात.

चौकट_पंचवीस
बरोबर, म्हणून सगळं भाजणं दाखवायचंच नाही. मधल्या प्रत्येक टप्प्यातले ४०-४० सेकंदांचे तुकडे निवडायचे, ते ८ पट करायचे म्हणजे प्रत्येकी ५ सेकंद होतात, आणि बाकीचं सरळ कापून टाकायचं. तुमच्याच व्हिडिओवर मांडतो, वेळा अंदाजे धरा.

पहिली ४० सेकंदं नॉर्मल, तूप-बेसन एकत्र होताना. मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या मिनिटाजवळचे तीन तुकडे, एकूण १५ सेकंद. मग बेसन सैल होताना २० सेकंद नॉर्मल. त्यापुढे रंग बदलेपर्यंत पुन्हा तीन तुकडे, १५ सेकंद. रंग १५ सेकंद नॉर्मल. हबक्याच्या आधी एक तुकडा ५ सेकंदांचा, आणि हबका अर्धा मिनिट नॉर्मल. सगळं मिळून २ मिनिटं २० सेकंद. आणि प्रत्येक पळवलेल्या तुकड्यावर कोपऱ्यात साधं टेक्स्ट टाका, '४ मिनिटं झाली', '८ मिनिटं झाली'. ते नसेल तर बघणाऱ्याला वाटतं पंधरा सेकंदांत बेसन सैल झालं आणि तो घरी दहा मिनिटांत गॅस बंद करतो, म्हणजे तुम्हाला जी चूक टाळायचीय तीच होणार.

Shotcut मध्ये व्हिडिओ आधी एकदा बघत जायचं आणि जिथे खूण दिसेल तिथे M दाबून मार्कर टाकायचा, मग मार्करजवळ S ने कापायचं. कापताना नॉर्मल तुकडा खूण दिसायच्या ५-६ सेकंद आधीपासून सुरू करा. बदल दिसल्यावर स्पीड नॉर्मल केला तर 'आधी कसं होतं' हे दिसतच नाही, आणि खूण म्हणजे आधीचं आणि नंतरचं यातला फरकच असतो.

अजून एक, स्पीड बदलण्याआधी टाइमलाइनवरचं Ripple चालू करा, नाहीतर क्लिप छोटी होते आणि पुढे रिकामी जागा राहते.

गोधडीवाली_कल्याण
मध्येच विचारते, माझं गोधडीचं आहे, धावदोरा घालत जाते ओळीमागून ओळ, एक ओळ अर्धा तास. ८ पटच का ठेवायचं? मी तर जास्त करते आणि छान दिसतं.

चौकट_पंचवीस
तुमचा टाका घालायला दोन-तीन सेकंद लागत असतील ना, म्हणजे एका टाक्याला ६० ते ९० फ्रेम, १५ पट केलं तरी चार ते सहा फ्रेम उरतात. म्हणून छान दिसतं. हिशोब तोच आहे, फक्त हात हळू आहे. कोपऱ्यावर वळताना मात्र नॉर्मलला या, तिथे दोरा कसा अडकवायचा हेच लोकांना बघायचं असतं.

गोधडीवाली_कल्याण
हो कोपऱ्यावरच सगळे प्रश्न येतात मला. धन्यवाद, पण माझ्याकडे कोपरा करताना हातच मध्ये येतो आणि काही दिसत नाही, तो स्पीडचा प्रश्न नाही बहुतेक.

नाचणी_भाकरी
हात मध्ये येतो तर वरून शूट करा.

बंदर_रोड
कमांड लाइन चालत असेल तर ८ पटीतल्या उरलेल्या उड्याही मऊ होतात. प्रत्येक ८ फ्रेमची एक मिसळलेली फ्रेम करायची, म्हणजे उलथण्याचा हलका ओघ दिसतो, तुटक वाटत नाही. चौथ्या मिनिटापासूनचा ४० सेकंदांचा तुकडा असा:

```
ffmpeg -ss 00:04:00 -t 40 -i besan.mp4 -vf "fps=30,tmix=frames=8,setpts=PTS/8,fps=30" -an besan_4min.mp4
```

सुरुवातीचं fps=30 यासाठी की मोबाईल फ्रेम कमीजास्त वेगाने टाकतो, आधी त्या सारख्या करून घ्यायच्या. -an म्हणजे आवाज काढून टाकला, पळवलेल्या तुकड्यात कढईचा आवाज कर्कश होतो तो ऐकवू नका. आलेली फाईल Shotcut मध्ये टाका आणि तिला पुन्हा स्पीड लावू नका. २० पटीला हीच युक्ती केली तर उलथण्याचा नुसता धूर दिसेल, तिथे काही उपयोग नाही.

सईची_आई
कमांड बाबांकडून चालवून घेतली, चालली! उलथणं मऊ फिरतंय आता, आणि आईने बघून विचारलं पण की इतकं पटपट कधी हलवलं मी. मार्करचं पण जमलं, फक्त सैल होतं तो क्षण नेमका कुठला ते शोधताना परत परत बघावं लागलं.

चौकट_पंचवीस
पुढच्या वेळी शूट करतानाच खूण जवळ आली की कढईच्या काठावर उलथणं दोनदा वाजवा. वेव्हफॉर्मवर उंच टोकं दिसतात, शोधायचं कामच संपतं.

पुणेरी_पाहुणा
एक शंका, नॉर्मलवरून ८ पटीवर एकदम उडी मारायची का हळूहळू वाढवायचा स्पीड? मोठ्या चॅनेलवाले हळूहळू वाढवतात असं वाटतं.

बंदर_रोड
हळूहळू वाढवलं तर छान दिसतं, DaVinci Resolve मध्ये Retime Controls मधून सहज होतं.

चौकट_पंचवीस
रेसिपीत मला नाही आवडत. कधी पळायला लागलं आणि कधी थांबलं हे बघणाऱ्याला स्पष्ट कळायला हवं, तो सोबत स्वयंपाक करत असतो. एकदम कट आणि मिनिटांचं टेक्स्ट. पण हा आवडीचा भाग आहे.

बंदर_रोड
मला उलट वाटतं, एकदम कटने वयस्कर लोक दचकतात. माझ्या आत्याला तेच होतं.

सईची_आई
अजून एक आलंय, पळवलेल्या तुकड्यात उजेड लुकलुकतोय आणि रंग मध्येच पिवळा मध्येच पांढरट होतोय. रंग तर या रेसिपीत मुख्य आहे.

चौकट_पंचवीस
यात दोन वेगळी कारणं आहेत. लुकलुक ही बहुतेक ट्यूबलाइटची, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की जाते. रंग बदलतोय तो मोबाईल आपलं व्हाइट बॅलन्स सतत बदलतोय म्हणून, हात मध्ये आला, वाफ आली की तो नवीन हिशोब करतो. शूट करायच्या आधी ते एका आकड्यावर बांधून ठेवायचं, आणि एक्सपोजर पण. झालेल्या शूटमध्ये लुकलुक थोडी कमी होईल पण रंग नीट होईल याची मी खात्री देत नाही.

सईची_आई
म्हणजे रंगाची खूण पुन्हा शूट करावी लागेल. मग दिवसा खिडकीजवळ केलं तर?

नाचणी_भाकरी
खिडकीजवळ कराच, मी सगळं तिथेच करते.

चौकट_पंचवीस
ट्यूब बंद ठेवून करा, लुकलुक येणार नाही. पण अर्ध्या तासात ढग आला तर उजेड बदलेल, एक्सपोजर बांधलेलं असेल तर तो बदल बेसनाच्या रंगावरच दिसेल. त्यासाठी कढईजवळ एक पांढरी वाटी फ्रेममध्ये ठेवा, वाटीही वेगळी दिसली तर समजायचं की तिथे उजेड फिरलाय, बेसन नाही.